तयार इंग्रजी मसुद्यात ‘ह्यूज’ घालण्याआधी

आमच्याकडून इंग्रजी अर्ज, अहवाल आणि विम्याची पत्रं करून नेणाऱ्यांना एक विनंती. मसुदा हाती पडला की त्यातला ‘लार्ज’ खोडून तिथे ‘ह्यूज’ किंवा ‘कोलोसल’ बसवू नका. मग वाक्य बिघडतं, कागद परत येतो आणि तुमचं-आमचं काम दुप्पट होतं.

‘लार्ज’ फिका वाटतो, हे आम्ही रोज ऐकतो. पण औपचारिक इंग्रजीत तोच चालतो, कारण तो आकार किंवा संख्या सांगतो आणि गप्प बसतो. ‘ह्यूज’ बोलण्यातला, मित्राच्या मेलमध्ये शोभतो. ‘इनॉर्मस’ अहवालात चालेल, पण जपून. त्यात ‘खूपच’ आधीच भरलेलं आहे, म्हणून त्याआधी ‘व्हेरी’ लागत नाही. ‘ह्यूज’ आणि ‘कोलोसल’चंही तेच. ‘कोलोसल’ तर मुळात अवाढव्य पुतळ्यांवरून आलेला शब्द. इंग्रजीत तो बरेचदा घोडचूक, नासाडी, अपयश यांना चिकटतो. धंद्याच्या वाढीला लावलात तर फुशारकी वाटते.

खरी अडचण वेगळीच आहे. मराठीत पाऊस मोठा, नुकसान मोठं, अनुभवही मोठा. इंग्रजीत प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला. पावसाला ‘हेवी’, नुकसानीला ‘एक्स्टेन्सिव्ह’, अनुभवालाही ‘एक्स्टेन्सिव्ह’. ‘लार्ज’ मात्र संख्येला आणि रकमेला. त्यामुळे कुठे काय बसेल ते शब्दकोशातल्या समानार्थी यादीवरून कळत नाही.

समजा, धान्याच्या दुकानात पाणी शिरलं आणि विमा कंपनीला पत्र द्यायचं आहे. ग्राहक लिहून आणतात, ‘व्हेरी ह्यूज रेनमुळे कोलोसल डॅमेज झालं.’ आम्ही लिहितो, ‘हेवी रेन’मुळे ‘एक्स्टेन्सिव्ह डॅमेज’ झालं, आणि लगेच पुढे: गोदामातल्या ३४० पोत्यांपैकी २१२ भिजली. नुकसान किती ते आकडा सांगतो, विशेषणाने काही वाढत नाही. म्हणूनच आम्ही पोती, किलो, रुपये विचारत बसतो. काहींना ती कटकट वाटते, पण दावा तपासणाऱ्याला आधी तेच हवं असतं.

आणखी एक फसवा शब्द ‘इनॉर्मिटी’. प्रकल्पाची भव्यता सांगायला तो अनेकजण वापरतात. जुन्या, काटेकोर अर्थाने तो घोर दुष्कृत्याला लागतो; चोखंदळ वाचक अडखळतो. तिथे ‘स्केल’ पुरेसा.

एखादा शब्द खटकला तर स्वतः बदलू नका, ओळीखाली रेघ मारून पाठवा. पहिली दुरुस्ती आमच्या दरातच धरलेली आहे. तुम्ही बदललेला मसुदा पुन्हा तपासायचा असेल तर निम्मा दर लागेल, कारण तो पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो. येताना आकड्यांची बिलं, वजनपावत्या सोबत आणा. पत्र त्याच दिवशी होण्याची शक्यता वाढते.