हरकत, बरकत आणि एक स्वाहिली म्हण

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोम्बासा-झांझिबारकडे, घाई करणाऱ्याला एक म्हण हमखास ऐकावी लागते: 'हराका हराका हाइना बराका'. चारांतले तीन शब्द आपल्या ओळखीचे आहेत, फक्त आपण ते पटकन ओळखत नाही.

स्वाहिली ही बांटू कुळातली भाषा. पण हिंदी महासागरातल्या व्यापारामुळे तिच्यात अरबी शब्द भरपूर आले. 'हराका' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ हालचाल. 'बराका' म्हणजे कृपा, वृद्धी. हेच दोन शब्द फारसीमार्गे मराठीत आले आणि 'हरकत' व 'बरकत' झाले. 'बरकत' जवळपास आहे तशी राहिली. हरकतीचा अर्थ मात्र भरकटला. आपल्याकडे ती आक्षेप झाली (गवयाच्या गळ्यात तेवढी ती अजून हालचालच आहे), तर स्वाहिलीत ती घाई झाली.

उरलेला शब्द 'हाइना' अस्सल बांटू आहे. त्याचे तीन तुकडे पडतात. 'हा' म्हणजे नकार, 'इ' म्हणजे ती, आणि 'ना' म्हणजे सोबत. स्वाहिलीत 'माझ्याकडे अमुक आहे' हे 'मी अमुकसोबत आहे' असं सांगतात. म्हणजे शब्दशः अर्थ होतो: घाईघाई, तिच्यासोबत बरकत नाही. 'हकुना मटाटा'मधला 'ना'ही हाच.

आता अर्थाकडे. आपल्या घाटरस्त्यांवर पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. ती अपघाताची भीती घालते. स्वाहिली म्हण तसं काही म्हणत नाही. घाईचं काम होणारच नाही, असंही तिचं म्हणणं नाही. काम होईल, पण त्याला बरकत नसेल. 'पगार बरा आहे, पण पैशाला बरकत नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा पैसा आलेला असतो, फक्त तो पुरत नाही, टिकत नाही. घाईत घातलेली शिवणही तशीच: कपडा अंगावर चढतो, चार धुण्यांत उसवतो. त्यामुळे या म्हणीचं मर्म मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

गंमत अशी, की अरबीत याच जोडीची एक म्हण आहे, 'अल-हरका बरका': हालचालीत बरकत आहे! आळशाला उठवायला ती वापरतात. यमक तेच, सल्ला बरोब्बर उलटा.

आणि स्वाहिली लोक काही सुस्तीचे पुजारी नाहीत. 'हराका' एकदाच म्हटलं तर ते नुसतं 'लवकर' असतं. 'न्जो हराका' म्हणजे 'लवकर ये', त्यात टोमणा नाही. शब्द दुप्पट झाला की आपल्या 'घाईघाईत'सारखी त्यात धांदल येते. दिरंगाईलाही त्यांनी असंच दुप्पट करून झोडपलंय: 'चेलेवा चेलेवा, उटामकुटा म्वाना सी वाको'. उशीर, उशीर करत राहा. जाशील तेव्हा कळेल, मूल तुझं नाही.