सुजलेला पाय दुखायचा थांबला म्हणजे गोऱ्हा बरा झाला असं नाही

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो, जनावर एका पायानं लंगडायला लागलं आणि फऱ्यावर सूज आली की तापलेल्या विळ्यानं चार डाग द्या, सूज उतरते. खाली दहा-बारा जणांनी हात जोडलेले असतात, कुणी लिहितं आमच्या आजोबांनी अशीच जनावरं वाचवली. मला हे वाचून खरंच राग येतो, कारण ज्या रोगाबद्दल हे चाललंय त्यात हातात मोजके तास असतात आणि ते तास या डागण्यात जातात.

रोग म्हणजे फऱ्या, काही भागात एकटांग्या म्हणतात. सहा महिने ते दोन वर्षं या वयातल्या गोऱ्ह्या-कालवडींना होतो, आणि त्यातही कळपातलं सगळ्यात गुटगुटीत, चांगलं खाल्लंप्यालेलं जनावरच जातं. म्हणून लगेच नजर लागली, कुणीतरी करणी केली असं सुरू होतं. नजरबिजर काही नाही, क्लॉस्ट्रिडियम शोवोई नावाचा जिवाणू आहे, आणि तो काय करतो हे एकदा समजलं की बाकीचं सगळं, म्हणजे डाग का देऊ नये, लस पावसाआधीच का, मेलेलं जनावर का फाडू नये, हे आपोआप लक्षात येतं.

या जिवाणूचं वैशिष्ट्य असं की त्याला ऑक्सिजन चालत नाही. हवेत तो वाढत नाही, पण मरून जाण्याऐवजी तो स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू बनतो आणि मातीत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. ऊन, थंडी, कोरडं पडणं, कशाचंच त्याला काही वाटत नाही, थोडा वेळ उकळलं तरी तो टिकतो. पहिला पाऊस झाला की माती हलते, पाणी वाहतं, कोवळं गवत जमिनीलगत येतं आणि जनावर ते मुळाशी ओरबाडून खातं, त्याबरोबर माती पोटात जाते आणि मातीबरोबर बीजाणू.

आता इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. आपल्याला वाटतं की जंतू आत गेला की दोन-चार दिवसात आजार होतो. इथे तसं होत नाही. आतड्यातून बीजाणू रक्तात जातात, तिथल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात पण कवचामुळे पचवू शकत नाहीत, आणि अशा फिरत फिरत ते मांडी, खांदा, कंबर इथल्या मोठ्या स्नायूंमध्ये जाऊन बसतात. आणि नुसतेच बसतात, काही करत नाहीत. जिवंत स्नायूला रक्त भरपूर, म्हणजे ऑक्सिजन भरपूर, त्यामुळे त्यांना उठायला वावच नसतो. अगदी धडधाकट जनावरांच्या मांसातसुद्धा असे झोपलेले बीजाणू सापडलेले आहेत. म्हणजे तुमचा गोऱ्हा दावणीला उभा आहे, उड्या मारतोय, आणि रोगाचं कारण त्याच्या मांडीत आधीपासून आहे.

मग एक दिवस तो दुसऱ्या गोऱ्ह्याशी झुंजतो, किंवा चिखलात घसरतो, किंवा गाडीत कोंबून बाजारात नेताना मांडी ठेचते. कातडीवर ओरखडासुद्धा नसतो, पण आत बारीक रक्तवाहिन्या चेंगरतात, तेवढ्या जागी रक्त थांबतं, ऑक्सिजन संपतो, आम्लता वाढते. झोपलेल्या बीजाणूला हवं असतं ते हेच. कवच फुटतं, जिवाणू वाढायला लागतो आणि विषं सोडतो. त्यातलं एक विष पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं, दुसरी विकरं पेशी-पेशींना धरून ठेवणारा चिकट भाग विरघळवतात म्हणजे पसरायला रस्ता मोकळा. स्नायू मरतो, मेलेल्या स्नायूत रक्त येत नाही, म्हणजे आणखी थोडी जागा ऑक्सिजनविना झाली, तिथे आणखी जिवाणू, आणखी विष, आणखी मेलेला स्नायू. हे चक्र एकदा फिरायला लागलं की ते स्वतःच स्वतःला वाढवतं, म्हणूनच हा रोग इतका वेगात जातो. स्नायूतली साखर आंबवून जिवाणू वायू तयार करतो आणि ब्युटिरिक आम्लसुद्धा, म्हणून त्या मांसाला खवट लोण्यासारखा वास येतो.

आता हेच बाहेरून कसं दिसतं ते बघा. आमच्या उदगीरकडच्या एका गोठ्यातला दीड वर्षाचा देवणी गोऱ्हा, जून संपत आलेला, लस दिलेली नव्हती. सकाळी वैरणीला तोंड लावेना आणि मागचा डावा पाय टेकेना. मालक म्हणाले मुरगळला असेल, तेल चोळलं. अंगात ताप होता पण थर्मामीटर कुणी लावलाच नाही, या रोगात तो १०६ डिग्री फॅरेनहाइटच्या वर जातो, आणि नुसत्या मुरगळण्यानं एवढा ताप कधी येत नाही, म्हणून पहिला इशारा हाच. दुपारी मांडीवर सूज आली, गरम, हात लावला की गोऱ्हा झटका मारायचा. संध्याकाळी तीच सूज थंड लागायला लागली आणि दाबलं तरी गोऱ्हा हलेना. सगळ्यांना वाटलं तेलानं गुण आला. प्रत्यक्षात त्या जागेचं रक्त बंद पडलं होतं म्हणून ती थंड, आणि तिथल्या नसा मेल्या म्हणून दुखणं बंद. सुजेवर बोटं दाबून फिरवली तर कोरड्या पाचोळ्यावर पाय पडल्यासारखं चरचर वाजत होतं, तो कातडीखालचा वायू. वरची कातडी कोरडी, काळपट. रात्रीत गोऱ्हा आडवा झाला आणि पहाटे गेला. पहिल्या लंगडण्यापासून चोवीस तास पण झाले नव्हते.

यात औषध कुठे बसतं? पेनिसिलिन या जिवाणूला चांगलं मारतं, त्यात काही शंका नाही. अडचण अशी की औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या स्नायूत रक्तच जात नाही. म्हणून पहिल्या काही तासात, सूज गरम आणि दुखरी असतानाच, डॉक्टरांनी मोठा डोस शिरेतून आणि सुजेच्या आजूबाजूला दिला तर काही जनावरं वाचतात. चरचर वाजायला लागल्यावर आशा फार कमी. त्यामुळे ताप आणि लंगडणं एकत्र दिसलं की वाट न बघता सरकारी दवाखान्यात किंवा १९६२ नंबरला फोन करा. डाग दिल्यानं कातडी जळते, आत खोलवरच्या जिवाणूला त्याचा पत्ता पण लागत नाही. आणि सूज ब्लेडनं फोडली तर जो काळा पातळ स्राव निघतो तो जिवाणूंनी भरलेला असतो आणि तुमच्याच गोठ्याच्या जमिनीत मुरतो.

कधी कधी पायावर काहीच दिसत नाही, बीजाणू हृदयाच्या किंवा जिभेच्या स्नायूत उठतात आणि जनावर एकदम मेलेलंच सापडतं. हे पुढे मेलेल्या जनावराच्या वेळी लक्षात ठेवा.

आता लस. लस म्हणजे फॉर्मलिननं मारलेले तेच जिवाणू आणि त्यांची निष्प्रभ केलेली विषं. स्नायूतल्या झोपलेल्या बीजाणूला ती काढून टाकत नाही. ती फक्त रक्तात अँटिबॉडी तयार ठेवते म्हणजे बीजाणू जागा झाल्या झाल्या त्याचं विष तिथेच अडतं आणि ते चक्र फिरायलाच लागत नाही. अँटिबॉडी तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. आपल्याकडे मान्सून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणजे टोचणी मेच्या मध्यापर्यंत व्हायला पाहिजे, आभाळ भरून आल्यावर डॉक्टरांना फोन करून उपयोग कमी. सहा महिन्यांच्या पुढच्या सगळ्या वासरांना, दरवर्षी, मानेला कातडीखाली. डोस कंपनीप्रमाणे बदलतो, नुसत्या फऱ्याची लस बऱ्याचदा ५ मिली असते, घटसर्प-फऱ्या एकत्र लसीचा डोस वेगळा, तो बाटलीवर बघायचा, आणि पहिल्यांदा टोचताना बूस्टर सांगितलाय का तेही बघायचं.

एक चूक फार होते, लसीची बाटली फ्रीजरमध्ये ठेवतात. या लसीत तुरटीचं किंवा ॲल्युमिनियमचं जेल असतं, ते गोठलं की त्याची रचना बिघडते आणि लस निकामी होते, वर दिसायला मात्र साधारण तशीच. २ ते ८ डिग्री सेल्सिअस, म्हणजे फ्रीजचा खालचा भाग, आणि टोचण्याआधी बाटली नीट हलवायची. टोचल्या जागी सुपारीएवढी गाठ काही दिवस राहते, तिला घाबरू नका. आणि वासरू डिसेंबर-जानेवारीत जन्मलं असेल तर मेमध्ये ते सहा महिन्यांचं होत नाही, मग पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत थांबायचं नाही, सहा महिने भरले की भर पावसात असलं तरी टोचून घ्यायचं, कारण आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण तोपर्यंत ओसरत आलेलं असतं. गोठ्यात एक जनावर दगावलंच तर बाकीच्यांना लगेच लस, आणि लस काम करायला लागेपर्यंत डॉक्टर पेनिसिलिन पण देतात. लसीतले जिवाणू मेलेलेच असल्यामुळे अँटिबायोटिकनं लस वाया जात नाही.

मेलेल्या जनावराचं काय करायचं, इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. जनावर मेलं की शरीरातला ऑक्सिजन संपतो आणि हा जिवाणू स्नायूभर पसरतो, नंतर तिथेच बीजाणू बनवतो. न फाडता पुरलं तर ते सगळे एका खड्ड्यात राहतात. फाडलं, कातडं काढलं, ओढ्यात टाकलं किंवा ट्रॅक्टरला बांधून शेतभर फरफटत नेलं तर नाकातोंडातून गळणाऱ्या पाण्याबरोबर बीजाणू पसरतात आणि पुढची कित्येक वर्षं त्या वाटेवर चरणाऱ्या वासरांच्या पोटात जातात. शिवाय एकदम मेलेलं जनावर फऱ्यानंच मेलं असं बघून सांगता येत नाही, ते काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सनं पण मेलेलं असू शकतं. अँथ्रॅक्सचा जंतू शवात हवा शिरली की बीजाणू बनवतो, आणि तो माणसाला होतो. म्हणून डॉक्टर आधी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेऊन अँथ्रॅक्स नाही ना बघतात, मगच सुजेतून सुईनं नमुना घेतात. तोपर्यंत सुरी लावायची नाही, कुत्री येऊ द्यायची नाहीत. फऱ्या माणसाला होणं अगदीच दुर्मिळ आहे, तरी त्याचं मांस खायचं नाही, कातडं विकायचं नाही.

खड्डा शक्यतो मेल्या जागेजवळच, जेसीबीनं आठ फूट खोल, म्हणजे वर निदान चार-पाच फूट माती येते. विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून जेवढा लांब तेवढं चांगलं, शंभर-दीडशे फुटांच्या आत नकोच, आणि खणताना पाणी लागलं तर जागा बदला. नाक, तोंड, गुदद्वारात जंतुनाशकात भिजवलेले कापसाचे बोळे, हातात ग्लोव्ह्ज, हाताला चीर असेल तर तुम्ही हात लावूच नका. जाड ताडपत्रीवर घेऊन उचला, ओढू नका. वर चुना टाकतात तो वास आणि कुत्र्यांसाठी ठीक आहे, पण चुन्यानं किंवा फिनाइलनं बीजाणू मरतात असं धरून चालू नका. जनावर पडलं होतं तिथली वैरण, शेण, ताडपत्री त्याच जागेवर पेंढा टाकून जाळा, आगीइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. वरून काट्याची फांदी आणि भोवती तार. ती जागा पुढे नांगरायची नाही, तिथे वासरं चारायची नाहीत, आणि शेत विकलं किंवा वाट्यानं दिलं तर समोरच्याला ती जागा दाखवून द्यायची.