काजू कारखान्यातला मंदा हंगाम (कोकण)

कोकणातल्या, मुख्यतः वेंगुर्ला-मालवण-सावंतवाडी पट्ट्यातल्या छोट्या काजू युनिटांमध्ये जून ते ऑगस्ट या काळात खर्च कमी करायची जी पद्धत आहे तिची ही नोंद. बाई माणूस न काढता आणि गराचा दर्जा न घसरवता हे जमवावं लागतं. या महिन्यांत पर्यटक नसतात, दुकानावरची विक्री बसते आणि गिऱ्हाईक परत येतं ते गणपतीच्या तोंडावर.

काजूचं झाड मूळचं ब्राझीलकडचं, पोर्तुगीजांनी ते बहुधा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यात आणलं. जमिनीची धूप थांबवायला आणलं असं बरेच जण लिहितात, काही जण फळासाठी म्हणतात, दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही. कोकणात मोठ्या प्रमाणावर लागवड मात्र अलीकडची, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जाती आणि १९९० नंतरची रोजगार हमीतली फळबाग योजना यांच्यामुळे वाढलेली.

मंदीत मालकाचा हात पहिला मजुरीकडे जातो आणि हिशोब तिथेच चुकतो. समजा ८० किलोची एक गोण, बी १३० रुपये किलोने म्हणजे १०,४०० रुपयांची. फोडणं, सोलणं, निवडणं मिळून मजुरी १,४०० आणि इंधन-पॅकिंग ६००. गर निघतो साधारण २० किलो. हात बसलेल्या बायका असतील तर त्यातला १६ किलो अख्खा, ७५० ने गेला, ४ किलो तुकडा-पाकळी ५५० ने गेली, एकूण १४,२००, सुटले १,८००. आता त्या बायका सोडल्या आणि स्वस्तातल्या नव्या घेतल्या, मजुरीत दोनशे-अडीचशे वाचले, पण अख्खा गर १३ किलोवर आला तर विक्री १३,६०० होते. म्हणजे सहाशे गेले, वाचलेले वजा केले तरी नफ्याचा पाचवा हिस्सा गेला. (आकडे नमुन्याचे आहेत, भाव दरवर्षी बदलतात, पण अख्ख्या आणि तुकड्यातला फरक कायम असतो.)

खरी बचत उष्णतेत आहे. फोडलेला गर बोर्म्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, साधारण ६५ ते ७० अंशांवर सहा-आठ तास सुकवतात, ओलावा तीन-चार टक्क्यांवर आला की साल सुटते. बोर्मा अर्धा भरला तरी ताप जवळपास तेवढाच लागतो, म्हणून रोज थोडं थोडं करण्यापेक्षा आठवड्याला दोन पूर्ण लॉट काढतात: पहिल्या दिवशी बी वाफवून रात्रभर थंड, दुसऱ्या दिवशी फोडणं आणि रात्री बोर्मा, तिसऱ्या दिवशी सोलणं आणि निवड, पुढचे तीन दिवस परत तेच. यात एक धोका आहे, पावसाळी हवेत बोर्म्यातून काढलेला गर तसाच उघडा राहिला तर काही तासांत ओल ओढतो, साल परत चिकटते, मग बाई चाकूने खरवडते आणि गरावर ओरखडे पडतात. ओळखायची खूण सोपी: गर चिमटीत फिरवला की साल फुटून उडाली पाहिजे, नुसती सरकत असेल तर लॉट परत तापवायचा. म्हणून सोलायच्या दिवशी सगळ्या बायका हजर लागतात, तिथे माणूस कमी करून चालत नाही.

निम्म्या बायका पूर्ण दिवस ठेवाव्यात की सगळ्यांना निम्मे दिवस द्यावेत यावर दोन मतं आहेत. पहिलं हिशोबाला सुटसुटीत आहे, पण घरी बसवलेली बाई दुसऱ्या कामाला लागते आणि दिवाळीच्या ऑर्डरीला हात अपुरे पडतात. दुसरं कोकणात जास्त बसतं, कारण जुलैत भात लावणी असते आणि बायकांना स्वतःलाच ते दिवस मोकळे हवे असतात, फक्त लॉटचे दिवस लावणीआधी बोलून ठरवायला हवेत. काम किलोवर असेल तर महिन्याची कमाई तरी कमी होतेच, ती थोडी भरून काढायला काही ठिकाणी गणपतीआधी उचल देतात आणि दिवाळीच्या कामातून वळती करतात. किलोचा दर मात्र पाडू नये, दर पाडला की बाई वेग वाढवते आणि तुकडा वाढतो.

हातमोजे आणि एरंडेल तेल यांतही कात्री लावू नये, टरफलाच्या चिकाने हात भाजलेली बाई दुसऱ्या दिवशी फोडायला बसू शकत नाही.

व्याजाकडे फारसं लक्ष जात नाही. मे महिन्यात कर्ज काढून भरलेली १०,४०० ची गोण १२ टक्क्यांनी सहा महिने पडून राहिली तर सहाशेच्या वर व्याज होतं, वरच्या हिशोबात अनाडी हातांमुळे गेलेले तेवढेच. त्यामुळे गणपतीपर्यंत जेवढं फोडता येईल तेवढीच बी भरून बाकीची टप्प्याने घेणारे टिकतात, अर्थात भाव वर गेला तर त्यांना फटका बसतो. साठवलेली बी मेच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवून, फळ्यांवर, भिंतीपासून हात-दोन हात लांब ठेवायची, हलवल्यावर आतला गर खुळखुळला तरच गोण शिवायची.