आठ तासांचं म्यूट पहाटे का संपतं?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शनिवारी रात्री पार्किंगवरून भांडण पेटलं. मी 9 वाजून 40 मिनिटांनी 8 hours वर टॅप करून म्यूट केलं आणि झोपलो. रविवारी पहाटे पावणेसहाला फोन टुंग टुंग करायला लागला, बघतो तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा शुभ प्रभात, सूर्योदयाचा फोटो, खाली सुविचार. पहिल्यांदा वाटलं म्यूट झालंच नव्हतं. पण झालं होतं, आणि 5 वाजून 40 मिनिटांनी आपलं आपण संपलंही होतं. काकांनी फक्त पाच मिनिटं उशीर केला.

बऱ्याच जणांना वाटतं की म्यूट म्हणजे फॅनच्या बटणासारखं, बंद केलं की आपण चालू करेपर्यंत बंद. 8 hours आणि 1 week तसे नाहीत. तुम्ही टॅप करता तेव्हा अॅप त्या ग्रुपच्या नावापुढे एक आकडा लिहून ठेवतं: म्यूट कधी संपणार ती वेळ. हा आकडा बहुतेक कंप्युटर वापरतात त्या पद्धतीचा असतो, म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून किती सेकंद झाले ते मोजायचं. समजा ती रात्र 18 जानेवारी 2025 ची धरली, तर हिशोब असा होतो (सेकंदात लिहिलाय, अॅप आत मिलिसेकंद वापरत असेल तर पुढे तीन शून्यं लावा):

```
1737216600 + 28800 = 1737245400
```

28800 म्हणजे 8 तासांचे सेकंद. आठवडा निवडला असता तर तिथे 604800 आले असते, बाकी सगळं तेच.

आता गंमत अशी की म्यूट उघडायला कुठलाही अलार्म लावून ठेवायची गरजच नसते. नवा मेसेज आला की फक्त एवढंच बघायचं की आत्ताची वेळ त्या आकड्याच्या आधीची आहे की नंतरची, आधीची असेल तर गप्प बसायचं, नंतरची असेल तर वाजवायचं. दुधाच्या पिशवीवर तारीख छापलेली असते तसंच, तारीख उलटली म्हणून पिशवी काही ओरडत नाही, आपण हातात घेऊन बघतो तेव्हा कळतं. म्हणून म्यूट संपल्याचं तुम्हाला कोणी सांगत नाही, ते कळतं पहिला मेसेज वाजल्यावर. आणि रात्री आलेले 140 मेसेज नंतर एकदम वाजत नाहीत, ते आले तेव्हाच गप्पपणे येऊन बसलेले असतात, न वाचलेल्यांच्या आकड्यात दिसतात.

याच आकड्यामुळे प्रवासातही एक घोळ होतो. रात्री 10 ला मुंबईत म्यूट करून दुबईच्या विमानात बसलात तर म्यूट संपणार भारताच्या सकाळी 6 ला, पण दुबईचं घड्याळ दीड तास मागे, म्हणजे तिथे तेव्हा साडेचारच वाजलेले असणार. सेकंद मोजणाऱ्याला तुम्ही कुठे आहात याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याचे आठ तास म्हणजे आठच तास.

Always चं प्रकरण वेगळं, तिथे संपायची वेळच नसते, म्हणून तुम्ही स्वतः काढेपर्यंत ते राहतं. हा पर्याय ऑक्टोबर 2020 मध्ये आला, त्याआधी त्याच जागी 1 year होतं. म्हणजे तेव्हा कायमचा कंटाळा आलेला ग्रुपही वर्षाने एके दिवशी परत बोलायला लागायचा आणि माणूस चक्रावायचा की हा कुठून उगवला.

पण Always केलं तरी एक फट राहते. कोणी @ लावून तुमचं नाव घेतलं किंवा तुमच्याच मेसेजला रिप्लाय दिला तर नोटिफिकेशन येऊ शकतं. तेव्हा म्यूट मोडलं असं समजून परत परत टॅप करत बसू नका. आधी चॅटच्या यादीत ग्रुपसमोर रेघ मारलेलं छोटं चिन्ह आहे का ते बघा. चिन्ह असेल तर म्यूट शाबूत आहे, कोणीतरी तुम्हालाच हाक मारलीय. चिन्ह गेलं असेल तर मुदत संपली. ग्रुपमधल्या इतरांना मात्र तुम्ही म्यूट केलंय हे कळत नाही, त्यामुळे काका दुखावतील ही भीती नको.

माझं म्हणाल तर पार्किंगवाल्या रात्रीसाठी मी आता झोपायच्या अगदी आधी, साडेअकराला म्यूट करतो, म्हणजे साडेसातपर्यंत शांतता आणि तोवर काकांचे फोटो येऊन पडलेले असतात. सोसायटीच्या ग्रुपला Always नाही लावत, कारण पाणी बंदची सूचनाही त्याच ग्रुपवर येते आणि ती कोणी माझं नाव घेऊन टाकत नाही.