काटा शंभरवर, सरासरी एकाहत्तर

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ‘मुंबई-नागपूर आठ तासांत’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. वाक्य खोटं नाही. पण ते आठ तास भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरच्या वेशीपर्यंतच्या ७०१ किलोमीटरचे आहेत. आपण निघतो दादरहून आणि पोहोचायचं असतं सीताबर्डीला.

हिशेब मांडताना प्रवासाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा वेळ वेगळा काढायचा. दादर ते आमणे साधारण ५० किलोमीटर. पहाटे सहाला निघालात तर ताशी ४० चा वेग धरता येतो, म्हणजे सव्वा तास. महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. पण ट्रकमागे अडकणं, टोल, मधूनच कमी होणारा वेग धरून सरासरी १०० मिळाली तरी उत्तम. ७०० किलोमीटरला सात तास. शेवटी नागपुरात शिरल्यावर २० किलोमीटर, ताशी ३० ने, चाळीस मिनिटं. गाडी चालती असण्याचा एकूण वेळ ८ तास ५५ मिनिटं.

इथे बरेच जण ४०, १०० आणि ३० या वेगांची सरासरी काढायला जातात. तसं चालत नाही. वेगांची बेरीज करायची नसते, वेळांची करायची असते. अर्धं अंतर ६० ने आणि अर्धं १०० ने कापलं तर सरासरी ८० नाही, ७५ येते, कारण हळू चालणाऱ्या भागात आपण जास्त वेळ काढलेला असतो.

म्हणूनच शहराचा छोटा तुकडा महागात पडतो. सहाऐवजी नऊला निघालात आणि पहिल्या ५० किलोमीटरला ताशी २५ चाच वेग मिळाला, तर सव्वा तासाचे दोन तास होतात. गेलेली ही ४५ मिनिटं महामार्गावर भरून काढायची तर पुढचे ७०० किलोमीटर सरासरी १०० ऐवजी ११२ ने कापावे लागतील. काटा ११२ वर नेणं सोपं आहे, सरासरी ११२ ठेवणं फार अवघड.

शिवाय वेग वाढवण्याचा फायदा वरच्या बाजूला आटत जातो. या ७०० किलोमीटरमध्ये ८० वरून १०० वर गेलात तर पावणेदोन तास वाचतात, १०० वरून १२० वर गेलात तर सत्तर मिनिटंच. उलट हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १०० चे १२० केले की तो ४४ टक्क्यांनी जास्त. तेवढंच पेट्रोल जास्त लागतं असं नाही, कारण इंजिन आणि टायरचा खर्चही त्यात असतो, पण मायलेज चांगलंच उतरतं.

आता थांबे. ‘दहा मिनिटांत चहा घेऊन निघू’ असं म्हणणारा माणूस फक्त चहा मोजतो. गाडी वळवून लावणं, स्वच्छतागृहाची रांग, बिल, वेफर्स घ्यायला गेलेल्याची वाट बघणं आणि परत रस्त्याला लागणं धरा, पंचवीस मिनिटं कुठेच जात नाहीत. दर दोन तासांनी थांबायलाच हवं. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असून लक्ष सुटतं. तेव्हा चहाचे पंचवीस मिनिटांचे दोन थांबे, जेवणाला पन्नास, आणि पाय मोकळे करायला एकदा पंधरा. म्हणजे १ तास ५५ मिनिटं. पेट्रोलसाठी वेगळं थांबू नका. ३७ लिटरच्या टाकीतले पाच लिटर राखीव ठेवले आणि लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४८० किलोमीटर निघतात. टाकी आदल्या रात्री फुल्ल केलेली असली, तर जेवणाच्या थांब्यालाच पंप गाठता येतो. वळण्याचा आणि परत निघण्याचा वेळ एकदाच जातो.

बेरीज १० तास ५० मिनिटं. पहाटे सहाला निघालात तर पाचला दहा कमी. ७७० किलोमीटरला ताशी सरासरी ७१.

अंदाज चुकतोय का, हे शिर्डीला कळतं. तिथून नागपूर ५२० किलोमीटर आहे, म्हणजे आमणेपासून आपण १८१ किलोमीटर आलेले असतो. एक चहा धरून साडेनऊला शिर्डी मागे पडायला हवी. सव्वादहा वाजले असतील, तर उरलेल्या ५२० किलोमीटरमध्ये ती ४५ मिनिटं काढायला सरासरी ११७ लागेल, आणि मर्यादा आहे १२०. ते जमणार नाही. पुढच्या थांब्यावर नागपूरला फोन करा आणि साडेपाचनंतर पोहोचू म्हणून सांगा.