इशारा, दक्षता आणि टीप (यंत्रपुस्तिकांमधील)

यंत्राच्या पुस्तिकेतील धोक्याच्या सूचना गांभीर्यानुसार वेगळ्या करून लिहिण्याची पद्धत. पुढचा मजकूर वाचण्याआधी, नुसत्या शीर्षशब्दावरून कामगाराला कळले पाहिजे की प्रश्न जिवाचा आहे, यंत्राचा आहे की फक्त सोयीचा.

या पद्धतीच्या दोन परंपरा आहेत आणि त्या एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत. विमानदेखभाल व लष्करी पुस्तिकांत तीन पायऱ्या असतात : माणसाला इजा किंवा मृत्यू संभवत असेल तर ‘वॉर्निंग’ म्हणजे इशारा, उपकरणाचे नुकसान संभवत असेल तर ‘कॉशन’ म्हणजे दक्षता आणि नुसती माहिती द्यायची असेल तर ‘नोट’ म्हणजे टीप. अन्सी या अमेरिकी मानकसंस्थेच्या झेड५३५ मानकमालेत पायऱ्या चार आहेत. प्रसंग टाळला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तेथे ‘डेंजर’, होऊ शकत असेल तेथे ‘वॉर्निंग’ आणि इजा किरकोळ वा मध्यम असेल तेथे ‘कॉशन’. नुकसान फक्त वस्तूचे असेल तर ‘नोटीस’. या मालेतील पुस्तिकांसाठीचा भाग, झेड५३५.६, २००६ मध्ये आला. म्हणजे एकीकडे ‘कॉशन’चा अर्थ ‘यंत्र बिघडेल’, तर दुसरीकडे ‘माणसाला लागेल’. दोन्ही प्रकारच्या पुस्तिकांचे तुकडे जोडून एक पुस्तिका केली की उतरंड तिथेच मोडते. म्हणून कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे, हे पहिल्या पानांवर सांगून शेवटपर्यंत पाळावे लागते.

पॉवर प्रेस या पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या यंत्रावरील डाय, म्हणजे साचा, बदलण्याचे काम उदाहरणादाखल घेऊ. सदोष पुस्तिकेत बहुधा असे आढळते : ‘डायचे बोल्ट सैल करून डाय काढा. काळजी घ्या, मशीन बंद असावे.’ येथे सूचना कृतीच्या नंतर आली आहे. वाचता वाचता काम करणाऱ्याचा हात तोवर आत गेलेला असतो. शिवाय खरा धोका सांगितलेलाच नाही. यांत्रिक क्लचच्या प्रेसची मोटर बंद केली तरी फ्लायव्हील हे जड चाक काही वेळ फिरत राहते, आणि तेवढ्यात पेडलवर पाय पडला तर रॅम, म्हणजे डायवर दाब देणारा वरचा भाग, खाली येतो. ‘मशीन बंद आहे’ असे समजणाराच यात सापडतो.

सुधारलेला मजकूर असा होईल :

इशारा : मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील फिरत राहते. तेव्हा पेडल दाबले गेल्यास रॅम खाली येऊन बोटे तुटू शकतात. फ्लायव्हील पूर्ण थांबून सेफ्टी ब्लॉक लागेपर्यंत डायमध्ये हात घालू नका.

यात धोका काय, परिणाम काय आणि तो टाळायचा कसा, हे तिन्ही आले. मेन स्विच बंद करून कुलूप लावणे, फ्लायव्हील थांबल्याचे पाहणे, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावणे या कृती मात्र सूचनेच्या चौकटीबाहेर, क्रमांक देऊन येतात. चौकटीत लपवलेली कृती हमखास सुटते. सरावलेला कामगार चौकटी ओलांडून आकडेच वाचतो. बोट तुटणे ही गंभीर इजा आहे, पण फिरत्या फ्लायव्हीलमुळे ती दरवेळी होईलच असे नाही, म्हणून अन्सीच्या हिशोबाने येथे ‘डेंजर’ नव्हे, ‘वॉर्निंग’. ‘डेंजर’ अगदी टोकाच्या प्रसंगांसाठी राखून ठेवायचा असतो.

त्याच कामात पुढे नवी डाय बसवताना तिची उंची प्रेसच्या शट हाइटपेक्षा, म्हणजे रॅम पूर्ण खाली आल्यावर उरणाऱ्या जागेपेक्षा, जास्त निघाली, तर पहिल्याच स्ट्रोकला प्रेस जॅम होऊन डायला तडा जाऊ शकतो. तुकडा उडून माणसाला लागण्याजोगा नसेल, तर हे नुकसान वस्तूचे : विमानपरंपरेत ‘कॉशन’, अन्सीत ‘नोटीस’. डायची उंची तिच्या पुढच्या बाजूला कोरलेली आहे, ही झाली टीप. टिपेत कृती कधीच सांगू नये, कारण टीप न वाचताही काम सुरक्षितपणे पुरे व्हायला हवे.

कामाच्या एकाच पायरीला दोन सूचना लागल्या तर माणसाच्या इजेची आधी, यंत्राच्या नुकसानीची नंतर. सूचना एका पानाच्या तळाशी आणि तिची पायरी पुढच्या पानावर, असेही होता कामा नये.

अन्सीत ‘डेंजर’ला लाल, ‘वॉर्निंग’ला नारिंगी, ‘कॉशन’ला पिवळा आणि ‘नोटीस’ला निळा रंग आहे, उद्गारचिन्हाचा त्रिकोण पहिल्या तिन्हींना, चौथ्याला नाही. पण कारखान्यात पुस्तिका पोचते ती बहुतेकदा झेरॉक्स होऊन, आणि काळ्यापांढऱ्या प्रतीत लाल व निळ्यातला फरक पुसला जातो. त्यामुळे शब्द आणि त्रिकोण यांवरूनच उतरंड कळेल अशी मांडणी करावी लागते.

सर्वांत जास्त आढळणारा दोष अतिरेकाचा आहे. कायदेशीर बचावासाठी पानोपानी ‘वॉर्निंग’ छापली की ‘हातमोजे घाला’ आणि ‘बोटे तुटतील’ यांचे वजन सारखे होते. दोष ओळखण्याची साधी परीक्षा आहे : पुस्तिकेतील सगळ्या चौकटींचा फक्त मजकूर, शीर्षशब्द झाकून, अनुभवी ऑपरेटरला द्यावा आणि गांभीर्यानुसार लावायला सांगावे. त्याने लावलेला क्रम छापील शब्दांशी जुळला नाही, तर त्या चौकटींच्या पायऱ्या पुन्हा तपासाव्या लागतात.