पुसलेल्या तारेच्या जागी काय भरायचे? स्वयंचलित वस्तू-निष्कासनाची पार्श्वभूमी

सहलीच्या फोटोतून विजेची तार किंवा अनोळखी माणूस काढून टाकण्यात दोन कामे असतात. आधी नको असलेला भाग नेमका निवडावा लागतो आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत काहीतरी भरावे लागते. तारेमागचे दृश्य कॅमेऱ्याने टिपलेलेच नसल्यामुळे भरलेला प्रत्येक पिक्सेल हा अंदाजच असतो. हा अंदाज कशाच्या आधारावर आणि कोणत्या क्रमाने करायचा, या प्रश्नाभोवतीच या तंत्राचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास फिरतो.

निगेटिव्हवर ब्रश चालवण्याचे आणि नंतर संगणकावर शेजारचा तुकडा हाताने उचलून चिकटवण्याचे दिवस सर्वांना ठाऊक आहेत. स्वयंचलित भरणीच्या वाटेवर 1999 आणि 2000 या दोन वर्षांत दोन वेगळ्या पद्धती पुढे आल्या. पहिली पद्धत त्याच फोटोत इतरत्र मिळताजुळता पोत शोधून एकेक पिक्सेल भरत बाहेरून आत सरकत असे, तर दुसरी कडेचे रंग आणि रेषा हळूहळू आत ओढून नेत असे. कोकणातल्या एका कौलारू घराचा फोटो डोळ्यांसमोर आणावा. त्यात तार डावीकडे आकाशावरून येते, छपराची कड ओलांडते आणि पुढे कौलांवरून जाते. आकाशात पाच-सहा पिक्सेल रुंदीची तार दुसऱ्या पद्धतीने सहज जाते. मात्र फोटो मोठा करून पाहिला तर भरलेली पट्टी आजूबाजूच्या दाणेदार आकाशापेक्षा गुळगुळीत दिसते. कौलांवर तीच पद्धत केवळ धूसर डाग सोडते.

भरणीच्या क्रमाबाबत 2003-04 मध्ये झालेला निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयीचे मतभेदही तितकेच मोलाचे आहेत. तोवर मोकळी जागा कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सर्व बाजूंनी सारखीच आत भरत नेली जाई. तसे केले तर छपराची कड जिथून जायला हवी तिथे वरून आकाश आधीच उतरते आणि सरळ कडेला खाच किंवा फुगवटा येतो. नव्या पद्धतीने एकेका पिक्सेलऐवजी साधारण 9 × 9 पिक्सेलचा तुकडा उचलायला सुरुवात केली आणि प्रत्येक ठिकाणाला अग्रक्रम दिला. हा अग्रक्रम दोन गोष्टींच्या गुणाकारातून ठरे: त्या जागेभोवतीचा किती भाग आधीपासून माहीत आहे आणि तिथे एखादी ठळक रेषा किती जोराने येऊन भिडते. परिणामी छपराची कड आधी जोडली जाई आणि आकाश व कौले मागाहून भरली जात. आक्षेप असा होता की एकदा बसवलेला तुकडा पुन्हा तपासला जात नाही. त्यामुळे सुरुवातीला चुकीचे कौल निवडले गेले की पुढची ओळही त्याच चुकीवर उभी राहते. संपूर्ण भरणी एकत्रितपणे पुन्हा पुन्हा सुधारावी, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा योग्यच होता, पण ते काम फार वेळखाऊ होते. 2009 मध्ये जुळणारे तुकडे यादृच्छिक शोधाने आणि शेजारच्या चांगल्या जुळणीचा फायदा घेत झटपट सापडू लागले, आणि 2010 मध्ये अशी भरणी फोटोशॉपमध्ये आली.

इथपर्यंत भरणीचा माल बहुतांशी त्याच फोटोतला होता. 2016 पासून मात्र असंख्य छायाचित्रांवर शिकवलेली न्यूरल जाळी ही जागा घेऊ लागली, आणि 2021 मध्ये मोबाइलवर एका स्पर्शाने मागचा माणूस पुसण्याची सोय आली. ओल्या वाळूवर उभा असलेला माणूस काढताना सर्वांत जास्त चुकते ती निवड. माणूस निवडला जातो, पण त्याची लांब सावली आणि पाण्यातले प्रतिबिंब मागे उरते. जुनी पद्धत अशा वेळी मालक नसलेली सावली तशीच ठेवत असे. 2023 नंतर रुळलेली, नवे चित्र स्वतः रचणारी जनरेटिव्ह भरणी त्या सावलीचे कारण शोधू पाहते आणि कधी कधी तिथे दुसरीच आकृती उभी करते. माझ्या मते हा बिघाड जुन्या डागापेक्षा गंभीर आहे, कारण डाग दिसून येतो, पण पटण्याजोगी खोटी आकृती नजरेतून निसटते.

तारांची अडचण वेगळी आहे. ओळख पटवण्यासाठी मोठा फोटो लहान केला की दोन-तीन पिक्सेलची तार त्यातून नाहीशीच होते. म्हणून 2023 मधील एका संशोधनात लहान प्रतीवर तार कुठे असू शकते एवढेच आधी पाहून, तेवढेच भाग पूर्ण आकारात तपासण्याची दुहेरी पद्धत मांडली गेली. 2024 मध्ये फोटोशॉपमध्येही तारा आपोआप शोधून काढण्याची सोय आली. तरीही कॅमेऱ्याने फोटो तीक्ष्ण करताना तारेच्या दोन्ही बाजूंना उमटवलेली फिकट किनार निवडीबाहेर राहिली, तर तार गेल्यावरही तिच्या जागी उजळ जोडरेषा दिसते. त्यासाठी निवड दोन्ही बाजूंना काही पिक्सेल वाढवावी लागते. नारळाच्या झावळ्यांमधून तार जात असेल तर मात्र या वाढीव पट्टीत पातींची टोकेही सापडतात, आणि ती पुन्हा अंदाजानेच काढावी लागतात.